पेढीचं कुलूप आणि हिरवी तार

आमच्या घरात अर्थिंग हा शब्द जितक्या वेळा बोलला गेला, तितक्या वेळा माझं नाव बोललं गेलं नाही. हे मी भांडणात म्हटलंय आणि पाहुण्यांसमोरही म्हटलंय. आमचे हे नुसते हसायचे. जीवराम वायरमन म्हणून सावद्यात त्यांना सगळे ओळखायचे, पण पाठीमागे नाव होतं 'खड्डेवाला'. कारण घराला वायरिंग करायला बोलावलं की हे आधी कुदळ मागायचे. परसात खोल खड्डा, त्यात पत्रा, मीठ, कोळसा, वरून पाणी. त्या पत्र्यापासून निघालेली तार घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूपर्यंत गेली पाहिजे, तोवर बटन दाबून द्यायचे नाहीत. लोक म्हणायचे, जीवराम भाऊ, आम्हाला उजेड पाहिजे, विहीर नाही.

आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज एक कळशी पाणी. गावाला नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा. मी कमरेवर हंडे वाहून कंबर मोडून घ्यायची आणि हा माणूस सकाळी उठून भरलेली कळशी परसात नेऊन ओतायचा. "माती सुकली की तार असून नसल्यासारखी," म्हणायचे. मी म्हणायची, "माणसं सुकली तरी चालतील ना तुम्हाला."

त्यामागे एक माणूस गेलेला होता, हे मला लग्नानंतर खूप उशिरा कळलं. धनसिंग म्हणून त्यांचा जोडीदार होता. भडगावकडे गिरणेकाठच्या एका मळ्यात मोटरचा स्टार्टर लावायला दोघं गेले. लोखंडी पेटी, ओली माती, अनवाणी पाय. पेटीला अर्थिंगची तार होती, भिंतीवरून छान खाली उतरवलेली होती, खिळेसुद्धा सरळ रेषेत मारलेले. धनसिंगने पेटीला हात लावला आणि तो तिथेच चिकटला. नंतर यांनी ती तार मातीतून ओढली तर वीतभर तार हातात आली. तिचं दुसरं टोक कुठेच गेलेलं नव्हतं. हे सांगताना यांचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. ताटातली भाकरी मात्र तशीच राहिली.

तर ही गोष्ट त्र्याण्णवच्या आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची. शेठ भिकमचंद यांचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला. केळीचे मोठे व्यापारी, मूळचे मारवाडचे, पण चार पिढ्या सावद्यातच. पुढे पेढी, मागे लांबच लांब घर. त्या वर्षी गावात एका घरी कुलरमध्ये पाणी भरताना बाईला शॉक बसला आणि ती गेली. मग काय, ज्याच्या त्याच्या घरी कुलरची भीती. शेठजींच्या घरी तर कुलर पाच. आणि पानबाई, त्यांची मोठी लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. सातवा महिना लागलेला. शेठजी जळगावला गेले आणि एक नवं यंत्र घेऊन आले. पांढरा डबा, त्यावर एक खटका आणि एक बारीकसं बटन. ई-एल-सी-बी. दुकानदाराने सांगितलं होतं, हे बसवा, शॉकची चिंता गेली, अर्थिंगची कटकटच उरली नाही.

"कटकट उरली नाही," हे वाक्य आमच्या यांनी घरी येऊन पुन्हापुन्हा म्हटलं. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "मग बरं झालं. माझी कळशी वाचली."

"मंदा, ऐक जरा," म्हणाले. मला बसवूनच समजावलं, जणू मला उद्या परीक्षेला बसायचंय. ते यंत्र काय करतं, तर घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत आला की नाही हे बघतं. वाटेत कुठे सांडला, म्हणजे जमिनीत गेला, भिंतीत गेला, माणसातून गेला, की खटका पाडतं. चांगलं यंत्र आहे, म्हणाले, धनसिंगच्या वेळी असतं तर कदाचित माणूस वाचला असता. पण त्याच्यावर तीस मिली लिहिलंय, मिलिअँपिअर, सांडलेल्या करंटचं माप. म्हणजे तीसच्या आतच कधीतरी पडणार, वीस-बावीसलासुद्धा पडू शकतं. हे माणसासाठीचं आहे, एका खोलीला, एका कुलरला लावायचं. आणि शेठजी ते अख्ख्या घराच्या मेनवर लावायला सांगताहेत. पाच कुलर, फ्रिज, विहिरीची मोटर, आजोबांच्या काळातली लाकडी पट्टीची वायरिंग. प्रत्येक वस्तू थोडं थोडं सांडतेच. सगळ्यांची बेरीज झाली की ते उठता-बसता पडणार. मेनवर शंभर किंवा तीनशेचं पाहिजे आणि कुलरच्या दोन लाइनींवर तीस-तीसची वेगळी.

"मग हे शेठजींना सांगा ना."

"सांगितलं. ते म्हणाले, एक आणलंय, एकच लाव."

लावलं. मात्र आधी परसातला जुना खड्डा उकरून नवा केला, पाचही कुलरच्या अर्थिंगच्या हिरव्या तारा पेढीतल्या बोर्डापर्यंत आणून एका पट्टीवर आवळल्या आणि तिथून जाड तार खड्ड्यात. शेठजी कुरकुरले, पण करू दिलं. मेन बोर्ड पेढीतच होता. मीटर, फ्यूज, मोठा स्विच, सगळं शेठजींच्या गादीच्या डोक्यावर. पेढीला कुलूप लागलं की किल्ली शेठजींच्या कमरेला, आणि ती किल्ली शेठाणीलाही मिळायची नाही. तिजोरी तिथे, लक्ष्मी तिथे. ही त्या घराची रीत.

आणि मग तो खटका पडायला लागला. अहो काय विचारता. सकाळी विहिरीची मोटर लावली, पडला. दुपारी कुलर लावले, पडला. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री आणि घर पाहुण्यांनी भरलेलं, आखाजीला आलेल्या लेकी, त्यांची पोरं, सगळी घामाने निथळताहेत आणि मधूनमधून सगळं ठप्प. दर वेळी बोलावणं आमच्याकडे. हे जायचे, तारा सोडवायचे, एकेक लाइन वेगळी करून बघायचे. पहिल्या दिवशी एक भानगड सापडली. परसात झोक्याशेजारी कोणीतरी बल्ब टांगला होता आणि तार कमी पडली म्हणून परत येणारी तार सरळ अर्थिंगच्या तारेला जोडली होती. बल्ब लावला की करंट गेला एका वाटेने आणि परत आला भलत्याच, यंत्र पडणारच. ते नीट केलं. थोडं थांबलं. मग पुन्हा सुरू.

मधल्या खोलीच्या कुलरचा पंप खराब आहे, हेही यांनी शोधलं. तो कुलर प्लगमधून काढला की खटका थांबायचा. "पंपाचं वाइंडिंग ओलं झालंय, अंगावर करंट सोडतंय," म्हणाले. "पण अर्थिंग आहे म्हणून तो मुकाट खाली जातोय, हात लावला तरी कळत नाही. नवा पंप जळगावहून येईपर्यंत तो लावू नका." शेठजी हो म्हणाले. पण मधल्या खोलीत जावईबापूंचे वडील उतरलेले. त्यांना उकाड्यात कोण झोपवणार? कुलर पुन्हा लागला, खटका पुन्हा पडला, आणि बोलणी पुन्हा आम्हाला.

बोलणीही कशी, तर सगळ्या गल्लीत. जीवरामला यंत्र जमत नाही. जीवराम खड्डे खणण्यापुरता. मी नळावर उभी असले की बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसायच्या. मी ऐकून घेणारी नाही, मीही सुनावलं एकदोघींना. पण घरी आले की राग काढायचा कोणावर? यांच्यावरच. "काढून टाका ना ते डबडं," मी म्हटलं. "नाहीतर दुसरं काही करा. तोंड दाखवायला जागा ठेवा."

"काढायला नको. वाटायला हवं. एकाच्या जागी तीन हवीत."

तो माणूस असाच. आग लागली तरी आधी हिशेब नीट करणार.

आखाजी झाली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळी मी शेठजींकडे पापड लाटायला गेले होते. उन्हाळ्यात आम्ही गल्लीतल्या बायका एकमेकींच्या घरी जातोच. ओसरीवर पाट मांडून बसलो. बघते तर सगळे कुलर चालू, मधल्या खोलीतलासुद्धा, आणि खटका एकदाही पडला नाही. शेठाणी तारादेवी खूश. म्हणाल्या, "मंदाबाई, तुमचे मालक इतके दिवस डोकं आपटत बसले. सकाळी चिंधा आला, एक तार काढली आणि चुटकीसरशी काम केलं."

चिंधा म्हणजे धुळ्याकडचा वायरमन, बाजारात दुकान. हाताला चपळ, जिभेला त्याहून चपळ. जाताना मला ओसरीवर बघून थांबला होता, हसत म्हणाला होता, "अक्का, जीवराम नानाले सांगजो, बठ्ठं बराबर शे. आते काही पडत नही." सगळं ठीक आहे म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पापड तसेच टाकले आणि ऊन डोक्यावर आलेलं असताना घरी आले.

हे जेवायला बसले होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, "बसा. खा पोटभर. चिंधाने एक तार काढली आणि सगळं बरं झालं. पाचही कुलर चालू आहेत. इतके दिवस तुम्ही काय करत होतात, खड्ड्याला पाणी पाजत होतात?"

घास हातातच राहिला. "कोणती तार?"

"मला काय ठाऊक."

"काढली की जोडली? मंदा, नीट आठव. काढली म्हणाले की जोडली?"

"काढली म्हणाल्या शेठाणी. पण झालं काय?"

उठले. हातसुद्धा धुतला नाही. जोडली असेल तर चिंधाने यंत्राला बगल दिली, म्हणाले, म्हणजे यंत्र असून नाही. काढली असेल तर ती हिरवीच. अर्थिंगच तोडलं. करंटला खाली जायची वाटच ठेवली नाही, म्हणून यंत्राला काही सांडताना दिसत नाही, म्हणून खटका पडत नाही. "आणि सांडायचं थांबलेलं नाही. ते कुलरच्या अंगावर साचून उभं आहे. कोणाचा तरी हात लागायची वाट बघतंय."

"पण खराब तर मधल्या खोलीतला आहे. तिथे आता कोणी नाही, व्याही सकाळीच गेले."

"पाचही हिरव्या तारा एकाच पट्टीला आहेत," हे म्हणाले आणि सायकल काढली. "पट्टी खड्ड्यापासून तोडली असेल तर एकाचा करंट पाचही कुलरच्या अंगावर आलेला आहे."

मी आत्ताच बघून आले होते, पानबाई जेवून आतल्या खोलीत झोपायला गेली होती. नवा कुलर होता तिच्या खोलीत, तिच्यासाठीच घेतलेला. खोलीची फरशी पाण्याने ओली, कुलर जरा ठिबकायचाच. पलंग कुलरला अगदी लागून. मी पायीच पळत सुटले. उन्हाने डांबर मऊ झालेलं, चपलेला चिकटत होतं.

मी पोचले तेव्हा हे पेढीच्या दाराशी उभे होते. दाराला कुलूप. शेठजी सावदा स्टेशनला, केळीच्या वॅगनी भरायला गेलेले. किल्ली त्यांच्याबरोबर. मधल्या खोलीतला कुलर बंद करावा तर तिचं घराकडचं दार आतून बंद, व्याही सकाळी पेढीतूनच बाहेर पडलेले. गड्याला सायकलवर पिटाळलं होतं, पण स्टेशन काय घराच्या मागे आहे? जाऊन येईपर्यंत काय होईल कोण सांगणार.

तारादेवी ओसरीवर आल्या, पदर सावरत. "काय झालं, जीवराम भाऊ?" यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्या वळल्याच लेकीच्या खोलीकडे, "मी उठवते तिला."

"नको, काकू," हे म्हणाले. आवाज असा होता की त्या जागीच थांबल्या. "कडी वाजवू नका. हाक मारू नका."

आतून कडी लावलेली. कुलरचा घरघराट एवढा की हळू बोललेलं तिला ऐकू जाणार नाही. आणि जोरात दार ठोकलं तर ती दचकून उठणार, झोपेत, अनवाणी, ओल्या फरशीवर. पलंगावरून उतरताना शेजारी काय आहे? कुलर. कुठे धरणार? हे त्यांनी सांगायची गरज पडली नाही, आम्हा दोघींनाही दिसलं. तारादेवींनी तोंडावर हात ठेवला. मी दाराच्या फटीला डोळा लावला. पानबाई कुशीवर झोपलेली, एक हात पोटावर, दुसरा पलंगाच्या कडेबाहेर लोंबत होता. त्या हाताच्या आणि कुलरच्या पत्र्याच्या मधे एवढीशी जागा, तळहात मावेल इतकी. मी आयुष्यात लाइट जावी म्हणून देवाला कधी विनवलं नव्हतं, त्या दुपारी विनवलं. एरवी दिवसातून दहादा जाते, आज काही जायला तयार नाही.

"खांबावरून तोडता येत नाही का?" मी विचारलं.

"शिडी नाही, लाइनमन नाही. आणायला जाईपर्यंत..." यांनी तारादेवींकडे बघितलं. "काकू, पेढीचं कुलूप तोडावं लागेल."

बघा, ज्यांनी ते घर बघितलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. शेठजींच्या माघारी पेढी उघडणं म्हणजे त्या घरात देवघर बाटवण्यासारखं. तारादेवी लग्न होऊन आल्यापासून त्या दारात एकट्या गेलेल्या नव्हत्या. आत तिजोरी, आणि बाहेर उभा आहे तो ज्याला इतके दिवस सगळं घर नावं ठेवत होतं तो वायरमन. उद्या काही कमी-जास्त झालं तर पोलीस कोणाला धरणार हे मला नीट कळत होतं. मी यांचा शर्ट धरला. हेही कुलूप बघत उभे होते, हात लावत नव्हते. परवानगीशिवाय लावणार नाहीत, हे मला माहीत होतं, आणि त्या वेळी त्या स्वभावाचा मला इतका राग आला की काय सांगू.

तारादेवी स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, बाई घाबरल्या, आत जाऊन रडत बसल्या. तर परत आल्या त्या लोखंडी मुसळी घेऊन. यांच्या हातात दिली नाही. स्वतःच दारापुढे उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला आणि कुलपावर घाव घातला. पहिल्याने काही झालं नाही. आवाज मात्र घरभर झाला आणि मी पळत फटीशी गेले. पानबाईचा हात हलला होता. तिने कूस बदलली, पण भिंतीकडे. मी मानेने 'अजून झोपलीय' अशी खूण केली. तारादेवींनी मुसळी यांच्याकडे दिली. यांनी कुलूप सोडून कोयंड्यावरच मारलं. कोयंडा भिंतीतून निघाला.

हे आत गेले आणि मोठा स्विच खाली ओढला.

कुलरचा घरघराट बसत बसत बंद झाला. घर एकदम इतकं शांत झालं की परसातला झोका करकरताना ऐकू आला. मी दारावर थाप मारली, "पानबाई, दार उघडा," आणि तिथेच फरशीवर बसले. माझं रडू मला आवरेना. कडी निघाली, पानबाई डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, "लाइट गेली का? मंदाकाकू, तुम्ही का रडताय?"

स्टेशनावरून शेठजी आले ते थेट पेढीत शिरले. कोयंडा बघितला, तिजोरी बघितली, गादी बघितली, मग आमच्या यांच्याकडे बघितलं. "कोणाला विचारून?" एवढंच म्हणाले. पण ज्या सुरात म्हणाले, त्यात सगळं आलं.

"मी तोडलं," तारादेवी ओसरीवरून म्हणाल्या. परक्या माणसांसमोर त्या नवऱ्याशी कधी बोलल्या नव्हत्या.

शेठजींना आता राग काढायला जागा हवी होती. म्हणाले, "जीवराम, यंत्र बसवलंय ना? तूच बसवलंस. काही झालं असतं तर ते पडलं असतं. त्याच्यासाठी आणलंय. मग हा तमाशा कशासाठी?"

यांनी बोर्डाकडे बोट केलं. यंत्राला बगल दिलेली नव्हती, चिंधाने तेवढं केलं नव्हतं. पण पट्टीवरून खड्ड्याकडे जाणारी जाड तार कापलेली होती आणि टोक भिंतीशी लोंबत होतं. सगळ्यांना खोल्यांतून बाहेर काढलं, स्विच पुन्हा वर केला, यंत्रावरचं बारीक बटन दाबलं. खटका टप्पकन पडला. यंत्र ठीक होतं. शेठजी म्हणाले, "बघ." यांनी खटका वर केला, सगळे कुलर सुरू झाले, आणि शेठजींना पानबाईच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. लाकडी पाटावर उभं राहून टेस्टरचं टोक नव्या कुलरच्या पत्र्याला लावलं. टेस्टरमधला दिवा लालबुंद पेटला. मग मला सांगितलं, "मधल्या खोलीतल्या कुलरचा प्लग ओढ. बटन बंद करून, पाटावर उभी राहून, प्लास्टिकला धरून." मी ओढला. पानबाईच्या खोलीत टेस्टरमधला दिवा विझला.

"खराब कुलर तिकडचा," हे म्हणाले. "करंट इथे. आणि यंत्र गप्प आहे, कारण अजून काही सांडलेलंच नाही. सांडायला कोणीतरी लागतं, शेठजी. हात लागला की त्या माणसातून सांडणार, आणि मग यंत्राला कळणार. जास्त सांडलं तर खटका पडेल, झटक्यात पडेल, पण झटका बसल्यावर. ओल्या फरशीवर, या अवस्थेत, नुसती पडली असती तरी?" टेस्टर खिशात टाकला. "आणि पंपातून येणारा करंट फार नाही. समजा पंधरा-वीस मिली. यंत्र तीसचं. तेवढ्यावर ते पडेलच असं नाही. पण तेवढ्यात हात मात्र चिकटतो. सुटत नाही. अर्थिंग असतं तेव्हा तेवढं मुकाट खाली जातं, कोणाच्या अंगात यायची त्याला गरजच पडत नाही. यंत्र त्याच्या पाठीमागे उभं राहायला पाहिजे. त्याच्या जागी नाही."

शेठजी अजूनही पुरते मानत नव्हते. व्यापारी माणूस, कोयंड्याकडे बघत होते. म्हणाले, "हात लागला असता तर, ना? कुलरला हात कोण लावतं? लेकरांना मी बजावलेलं आहे."

पानबाई दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबूजी," ती म्हणाली, "मला आता पलंगावरून एकदम उठता येत नाही. मी रोज त्या कुलरलाच धरून उठते."

तारादेवींनी लेकीला जवळ ओढलं, पोटाशी घट्ट धरलं, आणि मग त्या माउलीला हुंदका फुटला. आमच्या यांनी मान खाली घातली. मला माहीत आहे त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी कोण होतं.

शेठजी उभेच होते. मग आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आले ते पाण्याची भरलेली कळशी दोन्ही हातांत धरून. त्या माणसाने जन्मात कळशी उचलली नसेल, धोतर सगळं भिजलं. परसात गेले, खड्ड्यावरची फरशी पायाने सरकवली आणि सगळी कळशी त्यात ओतली. पाणी मातीत जिरेपर्यंत तिथेच बघत उभे राहिले. मग मागे वळून यांना म्हणाले, "तार जोड, जीवराम. आणि ती बाकीची यंत्रं काय लागतील ती आण."

घरी येताना हे सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारी. म्हणाले, "दुपारी माझ्यावर ओरडलीस ते बरं झालं."

"ओरडले नसते तर तुम्हाला कळलंच नसतं तार काढल्याचं," मी म्हटलं. "जेवण तसंच टाकून आलात. आता थंड भाकरी खा."

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा यांच्या आधी उठले. नळाला पाणी आलं नव्हतं, कालच्या हंड्यात तळाशी थोडं होतं. ते सगळं कळशीत घेतलं आणि परसातल्या खड्ड्यात ओतून आले.